नडगी मोडलेल्या मॅडमसाठी कार्ड: ‘बरे व्हा’ किती वेळा लिहायचं?

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यात एका जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या गणिताच्या मॅडम स्कूटीवरून घसरल्या, नडगीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय. डॉक्टरांनी तीन महिने तरी घरी बसायला सांगितलंय. आम्ही अकरा जण मिळून एक मोठं कार्ड देणार आहोत. मराठीच्या सरांची बदली झाली, म्हणून मजकूर माझ्या गळ्यात पडला. मी लिहिलेलं असं: “आदरणीय मॅडम, आपण लवकर बरे होवो. ईश्वर आपणास बरे होण्याची शक्ती देवो. आपणास पूर्ण विश्रांती मिळो व विश्रांतीने आपणास नवी शक्ती लाभो. आपल्या जखमा लवकर बऱ्या होवो.” तेच तेच शब्द येतात. विश्रांती, शक्ती यांना दुसरे शब्द सुचवाल का?

उत्तर:

सर, समानार्थी शब्दांची यादी मी देऊ शकतो, पण तिनं तुमचं काम होणार नाही. तुमच्या मजकुरात ‘शक्ती’ काढून ‘बळ’ घाला, ‘विश्रांती’ काढून ‘आराम’ घाला आणि मोठ्यानं वाचा. तरी तो तसाच कंटाळवाणा वाटेल. कारण कानाला खटकतंय ते वेगळंच आहे: होवो, देवो, मिळो, लाभो, होवो. पाच क्रियापदं आणि पाचही ‘ओ’वर संपणारी. आरतीनंतर मागणं मागावं तसा तो सूर लागतो, आणि एकदा तो लागला की मधले शब्द कितीही बदला, वाचणाऱ्याला एकच वाक्य पाच वेळा ऐकू येतं.

परभणीत माझा छापखाना आहे. सत्तावीस वर्षं लग्नपत्रिका, मानपत्रं, निरोपाची शब्दसुमनं आणि आजारी माणसाला द्यायची कार्डं यांचा मजकूर लिहून देतोय. सुरुवातीला खिळे जुळवून छापायचो. तेव्हा जोडाक्षरांचे खिळे मोजकेच असायचे. एका पानात ‘शक्ती’ आणि ‘विश्रांती’ तीन-तीनदा आलं की ‘क्त’ नाही तर ‘श्र’ संपायचा, आणि कंपोझिटर ओरडायचा, “मालक, शब्द बदला, खिळा संपला.” गरजेपोटी शब्द बदलता बदलता कळलं की प्रत्येक शब्दाची बसायची जागा ठरलेली असते. एकाच्या जागी दुसरा सहसा बसत नाही.

आधी व्याकरणाचं एक सांगतो, कारण ते शाळेच्या कार्डावर दिसलं तर मॅडम पडल्या पडल्या लाल पेन मागतील. ‘आपण लवकर बरे होवो’ हे चूक आहे. ‘होवो’ तिसऱ्या पुरुषासाठी असतं: प्रकृती बरी होवो, दुखणं कमी होवो. समोरच्या माणसाला ‘बरे व्हा’ किंवा ‘आपण बरे व्हावे’ म्हणतात. आणि त्या बाई आहेत, म्हणून ‘बऱ्या व्हा’. बाजारातल्या छापील कार्डांवर सरसकट ‘बरे व्हा’ असतं, त्यामुळं डोळ्याला त्याची सवय झालीय, पण हातानं लिहिताना तुम्ही ‘बऱ्या’च लिहा. ‘जखमा बऱ्या होवो’ हेही ‘होवोत’ हवं होतं. आणि एक विचारू का? स्टाफरूममध्ये तुम्ही त्यांना ‘आपण’ म्हणता का? म्हणत नसाल तर कार्डातही ‘तुम्ही’च ठेवा. रोज डब्यातली चटणी वाटून खाणारा माणूस अचानक ‘आपणास’ म्हणायला लागला की आजारी माणसाला वाटतं, आपलं दुखणं आपल्याला सांगितलंय त्यापेक्षा मोठं आहे की काय.

आता शब्दांकडं येऊ. बरं होणं, विश्रांती, शक्ती आणि जखम भरणं हे चार विषय तुम्हाला हवेत. माझा नियम असा की चारही एकेकदाच यावेत, आणि चौघांना वाक्यात वेगवेगळं काम द्यावं. कुठला शब्द कुठं बसतो ते मात्र दुखणं कोणतं, माणूस कोण, यावर ठरतं. म्हणून खाली लिहितोय ते मोडलेल्या नडगीच्या, पन्नाशीच्या आसपासच्या, सगळ्यांशी बऱ्या संबंधातल्या मॅडमसाठी आहे असं धरा. कर्करोगासारख्या लांबणाऱ्या आजारात यातलं अर्धं चालणार नाही. तिथं मी ‘लवकर’ हा शब्दच कार्डावर येऊ देत नाही.

सगळ्यात जास्त गडबड ‘शक्ती’त होते, म्हणून तिथं जरा थांबतो. आपल्याकडं ‘ईश्वर शक्ती देवो’ हे वाक्य कुठं ऐकू येतं? दहाव्याला, शोकसभेत, पेपरातल्या चौकटीत: ‘हे दुःख सहन करण्याची शक्ती ईश्वर कुटुंबीयांना देवो.’ वाचणाऱ्याच्या मनात हे वाक्य आधीपासून बसलेलं असतं. माझ्याकडून ही चूक झालेली आहे. धंद्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. एका कार्यालयातल्या साहेबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. मी कार्डात मोठ्या उत्साहानं लिहिलं, ‘ईश्वर आपणांस व आपल्या कुटुंबीयांस शक्ती देवो, आपल्या मनास शांती लाभो.’ ते कार्ड त्यांच्या पत्नीनं खाटेशेजारी मोठ्यानं वाचलं आणि मध्येच थांबल्या. नेणाऱ्यांनी मला येऊन सांगितलं, “भाऊ, तुम्ही तर साहेबांचा कार्यक्रमच उरकून टाकला.” साहेब पुढं चांगले बारा वर्षं जगले, हे माझं नशीब. तेव्हापासून शक्ती, शांती, लाभो आणि कुटुंबीय यांतले दोन शब्द एका वाक्यात मी येऊ देत नाही. ‘तुमची उणीव भासते’, ‘पोकळी जाणवते’ हीसुद्धा त्याच घरची वाक्यं. रिकाम्या खुर्चीचा उल्लेखही टाळा, कितीही प्रेमानं केलेला असला तरी.

मग शक्तीऐवजी काय? आधी कुठली शक्ती ते ठरवा. अंगातली असेल तर ‘बळ’ किंवा ‘ताकद’. पायात बळ येतं, मनगटात ताकद येते. तापातून उठलेल्या माणसाला आपल्याकडं विचारतात, “आज जरा हुशारी वाटती का?” ही हुशारी बुद्धीची नव्हे, अंगात जीव आल्याची. ताप, जुलाब, कावीळ यांनी माणूस गळून गेला असेल तर हा शब्द फार गोड लागतो. पण मोडलेल्या हाडाला तो जुळत नाही, कारण मॅडम गळून गेलेल्या नाहीत, अडकून पडल्यात. ‘त्राण’ हा शब्द नकारातच जगतो. अंगात त्राण नाही असं म्हणतात, त्राण येवो असं कुणी म्हणत नाही. ‘उभारी’ खचलेल्याला देतात. ‘धीर धरा’ म्हटलं की समोरचा घाबरलाय असं गृहीत धरल्यासारखं होतं. मॅडम घाबरल्या नसतील तर तुमच्या कार्डानं घाबरतील.

नडगी मोडलेल्या माणसाला बळ लागतं ते एका ठरावीक क्षणी: वॉकर धरून पहिल्यांदा पाय टेकवायचा तेव्हा. हाड जुळतंय की नाही ते फोटोत डॉक्टरांना दिसतं, बाईंना दिसत नाही. बाईंना फक्त भीती दिसते. त्या क्षणासाठी नेमका शब्द ‘हिंमत’ आहे. आणि हिंमत देवानं द्यावी असं म्हणण्यापेक्षा, ती तुमच्यात आहे हे आम्ही अमुक वेळी पाहिलंय असं लिहिलं तर शुभेच्छेचं वाक्य साध्या गोष्टीचं वाक्य होतं, आणि ‘ओ’ची साखळीही आपोआप तुटते. प्रत्येक शाळेत अशी एखादी गोष्ट असते. अचानक तपासणी आली तेव्हा कोण पुढं झालं, सहलीची बस बंद पडली तेव्हा पोरांना कुणी सांभाळलं. ती शोधा.

‘ताकद’, ‘हिंमत’, ‘आराम’, ‘तब्येत’, ‘जखम’, ‘दवाखाना’ हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेत. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, शाळा-कचेरीची भाषा उर्दू होती. त्यामुळं हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी जरा जास्तच रुळलेले. शक्ती, विश्रांती, प्रकृती, आरोग्य ही संस्कृतकडची भावंडं. छापील मजकूर लिहायला बसलं की माणूस नकळत सगळे संस्कृत शब्द उचलतो, आणि मजकूर परिपत्रकासारखा होतो. मी मुद्दाम मिसळ करतो. एका वाक्यात ‘प्रकृती’ आली तर पुढच्यात ‘तब्येत’. शब्द तर बदलतोच, आवाजाची पट्टीही बदलते, आणि पुनरुक्ती निम्मी तिथंच जाते.

‘विश्रांती’ हा डॉक्टरांचा शब्द आहे. तो चिठ्ठीवर लिहिलेला असतोच, तुम्ही परत लिहून काय होणार? शिवाय त्याला ‘चिर’ची सावली आहे, हे वरच्या साहेबांच्या गोष्टीनंतर वेगळं सांगायला नको. ‘आराम’ चांगला, पण दुधारी. ‘आराम करा’ म्हणजे पडून राहा, आणि ‘आराम पडला का?’ म्हणजे दुखणं कमी झालं का. एका कार्डात दोन्ही आले तर शब्द तोच, अर्थ वेगळा आणि वाचणारा गोंधळलेला. ‘विसावा’ सुंदर आहे, त्यात चालणाऱ्यानं वाटेत घडीभर बसणं आहे, म्हणजे पुढं उठून चालणं गृहीतच आहे. पण तीन महिने घरी अडकलेल्या बाईंना ‘विसावा घ्या’ म्हटलं तर त्या म्हणतील, या तुम्हीच घ्यायला. ‘विश्राम’ तर शाळेत विचारूच नका, पुढं ‘सावधान’ ऐकू येतं.

खरं तर विश्रांती घेऊ देत नाही ते डोक्यातलं काम. माझा अनुभव असा की आजारी शिक्षकाला पाय कमी छळतो, न तपासलेल्या वह्या जास्त छळतात. म्हणून त्या वाक्यात विश्रांतीच्या शुभेच्छा नकोत, विश्रांती कशी शक्य झाली ते हवं. सहावीचं गणित कुणी घेतलं, सातवीचं कुणी, चाचणीचे गुण ऑनलाइन कोण भरतंय. नावासकट, वारासकट. पण खरं झालेलंच लिहा. मागं एका कार्डात ‘तुमचं सगळं काम आम्ही सांभाळतोय’ असं छापून गेलं आणि बाई परत आल्या तेव्हा दोन महिन्यांचा गठ्ठा टेबलावर जसाच्या तसा होता. त्या कार्डाची आठवण अजून निघते. कामाची ओळ लिहून झाली की ‘पडून राहा’, ‘बिनघोर झोपा’ एवढं पुरतं. हे साधे शब्द आहेत, कार्डावर कुणी लिहीत नाही, म्हणूनच ताजे वाटतात.

‘बरे होण्या’ची ‘जखम भरण्या’शी गल्लत होते, ती सोडवू. हल्ली पोरं मोबाईलवरून इंग्रजी कार्डाचं भाषांतर आणून देतात: ‘आपल्या उपचारासाठी शुभेच्छा.’ उपचार डॉक्टर करतात. शरीर आतून जे करतं त्याला मराठीत एकच एक नाम नाही, आणि ती अडचण नसून सोय आहे. आपल्याकडं अवयवागणिक, दुखण्यागणिक क्रियापद वेगळं. ताप उतरतो. सूज ओसरते. जखम भरून येते, तिच्यावर खपली धरते. टाके सुकतात. हाड जुळतं, सांधतं. पोट ताळ्यावर येतं. कावीळ उतरते, मग तोंडाला चव येते आणि खाल्लेलं अंगी लागतं. औषधाला गुण येतो, दुखण्याला उतार पडतो. यातलं नेमकं एक उचललं की मॅडमना कळतं, लिहिणाऱ्यानं त्यांच्या दुखण्याची नीट चौकशी केलीय. तुमच्या मजकुरात ‘जखमा बऱ्या’ आहे, पण मॅडमचं मुख्य दुखणं जखम नाही, हाड आहे. म्हणून ‘हाड जुळू द्या’.

एवढं मात्र पाहा की हे प्रत्येकालाच आवडत नाही. पोटाचं किंवा बायकांचं ऑपरेशन असेल, मूळव्याध असेल, मनाचा आजार असेल, तर अवयवाचं नाव कार्डावर नको. अकरा जण वाचणार आहेत, शिपाईमामांपासून केंद्रप्रमुखांपर्यंत. तिथं ‘तब्येत’ एवढंच म्हणा. नडगी सगळ्या गावानं पाहिलीय, तिचं नाव घ्यायला हरकत नाही.

शेवटी उरलं ‘बरं होणं’. हा शब्द एकदाच, अगदी शेवटी, आणि परिणाम म्हणून. ‘ठणठणीत’ घ्या. त्याला लिंग-वचन लागत नाही, बाई-पुरुष कुणालाही चालतो. ‘खडखडीत’ही तसाच आहे, पण मोडलेल्या हाडाला वापरू नका. एकदा एकानं वापरला होता आणि पेशंट म्हणाला, “खडखडीतच तर झालंय, म्हणून रॉड टाकला.” ‘पूर्ववत’ नको, तो रेल्वे वाहतुकीसाठी ठेवा. ‘प्रकृतीत सुधारणा’ म्हणजे नेत्याच्या दवाखान्याबाहेरचं निवेदन.

‘लवकर’बद्दलही बोलायला हवं. रॉड टाकला तरी नडगीचं हाड पुरतं जुळायला साधारण चार ते सहा महिने जातात. वय, साखर, हाड कसं मोडलं यावर कमी-जास्त. तीन महिने हा शाळेला सांगितलेला आकडा असू शकतो. अशा माणसाला अकरा जणांनी ‘लवकर, लवकर’ म्हटलं की ते तगाद्यासारखं वाटतं. ‘घाई करू नका’ हे जास्त प्रेमाचं आहे. पुढच्या एखाद्या दिवसाचं नाव घ्यावंसं वाटतं, ते घ्या, पण अट म्हणून नाही. तुमच्याकडं येळवस, रानात जाऊन जेवायचा सण, येतेच आहे. ‘येळवशीला रानात या’ असं लिहाल तर मॅडमना वॉकर घेऊन ढेकळांतून चालण्याचं ओझं वाटेल, आणि नाही जमलं तर त्यांना हरल्यासारखं होईल. त्यापेक्षा आंबील-भज्जीचा डबा तुम्ही त्यांच्या घरी न्या. भेटीची तारीख तुमच्यावर ठेवा, त्यांच्या पायावर नको.

देवाचं म्हणाल तर मॅडम कुणाला मानतात ते माहीत असेल तरच नाव घ्या. परळीच्या वैजनाथाचं मूळ नावच वैद्यनाथ, वैद्यांचा नाथ. भाविक माणसाला हे नाव कार्डात फार शोभतं. तुळजापूरच्या वाटेवरच्या गावांत ‘आई भवानी पाठीशी आहे’ एवढं पुरतं. बौद्ध सहकाऱ्यासाठी ‘मंगल कामना’ लिहा, मुस्लिम सहकाऱ्यासाठी ‘आमच्या दुवा सोबत आहेत’. माहीत नसेल तर देवाला मध्ये आणू नका, अकरा माणसं पुरेत.

आता तुमचा मजकूर मी असा केला असता. गोष्टी मी मनानं घातल्यात, तुमच्या शाळेतल्या खऱ्या घाला.

“मॅडम, नमस्कार.

डॉक्टरांनी रॉड बसवला, आता हाड त्याच्या चालीनं जुळू द्या. आम्हाला घाई नाही, तुम्हीही करू नका. रोजचं दुखणं रोज थोडं ओसरत जावो.

सहावीचं गणित आम्ही दोघांनी वाटून घेतलंय, सातवीचं मुख्याध्यापक स्वतः घेतात. वह्या दर शनिवारी तपासून होतात. तेव्हा दुपारी बिनघोर पडून राहा. दुपारची झोप आमच्या नशिबी नाही, आमच्या वाटणीचीही घ्या.

वॉकर धरून पहिलं पाऊल टाकाल तेव्हा पाय थोडा कापेल. कापू द्या. सहलीची बस रात्री बंद पडली तेव्हा चाळीस पोरांना गाणी म्हणायला लावणारी हिंमत कुठं गेलेली नाही, हे आम्हाला माहीत आहे.

येळवशीची आंबील आणि भज्जी घेऊन घरी येऊ. ठणठणीत होऊन शाळेत याल त्या दिवशीचा चहा मात्र तुमच्याकडून.

शाळेतले आम्ही सगळे”

मोजून पाहा. जुळणं, ओसरणं, पडून राहणं, झोप, हिंमत, ठणठणीत. तुमचे चारही विषय आले आणि यातला एकही शब्द दोनदा नाही. ‘ओ’वर संपणारं वाक्य एकच, आणि एकटंच असल्यामुळं ते खऱ्या इच्छेसारखं ऐकू येतं. बाकी काही ‘द्या’, ‘राहा’, ‘घ्या’ असं सांगणं, काही झालेली गोष्ट, काही पुढची. तुमचा मजकूर तपासायचा असेल तर प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि फक्त तेवढेच शब्द वाचत जा. ओळीनं तीन एकसारखे वाजले की तिथं एक मोडा. समानार्थी शब्द शोधण्याआधी हे करा. बहुतेक वेळा त्यातच काम होतं.

लहान वयाच्या सहकाऱ्याला, ज्याला तुम्ही ‘तू’ म्हणता, हाच मजकूर ‘पडून राहा’चा ‘पडून राहा रे निवांत’ करून चालेल, पण ‘हिंमत’ची ओळ कमी करा. तरण्या पोराला पाय टेकवायची भीती नसते, उलट तो आधीच टेकवतो. त्याला थोपवायची ओळ लागते.

एक काम अजून राहिलं, आणि पुनरुक्ती खरी तिथं होते: बाकीच्या दहा जणांच्या ओळी. कार्ड फिरवलं की पहिला ‘लवकर बरे व्हा’ लिहितो आणि मागचे सगळे तेच उतरवतात. मी एक युक्ती करतो. कार्ड फिरवण्याआधी सगळ्यांना सांगतो की ‘बरे’ आणि ‘शुभेच्छा’ हे दोन शब्द बंद. प्रत्येकानं मॅडमबरोबरची एक लहानशी गोष्ट किंवा एक कुचाळकी दोन ओळींत लिहायची. आणि कार्ड पहिल्यांदा हुशार लिहिणाऱ्याकडं देऊ नका. त्याचं पाहून बाकीचे बुजतात. आधी शिपाईमामांकडं किंवा पोषण आहाराच्या ताईंकडं द्या. एका कार्डावर अशाच एका ताईंनी लिहिलं होतं, “बाई, खिचडीत मीठ जास्त झालं की सांगणारं कुणी नाही.” त्या कार्डातलं तेवढंच त्या बाईंना तोंडपाठ झालं.

कार्ड गुळगुळीत कागदाचं असेल तर जेल पेन वापरू नका, घडी घातली की शाई समोरच्या पानावर उमटते. बॉलपेननं लिहा, नाहीतर उघडं ठेवून तासभर वाळू द्या आणि मगच घडी घाला.